नकाशावर बोट

किल्ल्यांची हकीकत कोणत्या क्रमाने सांगावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. थळच्या किनाऱ्यावरून होडी लोटली आणि दक्षिणेकडे निघाले, की आधी उजव्या हाताला खांदेरी आणि तिच्या आत, किनाऱ्याच्या जवळ, उंदेरी दिसते. मग अलिबागचा कुलाबा, मग रेवदंडा, खाडीपलीकडे कोर्लई, आणि थेट खाली मुरूडसमोर पद्मदुर्ग व जंजिरा. हा झाला नाखव्याचा क्रम. इतिहासाच्या सरांचा क्रम निराळा. ते रेवदंड्यापासून सुरुवात करतील, कारण पोर्तुगीज तिथे सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच येऊन बसले होते; आणि कुलाब्याला शेवटी येतील, कारण त्याचे बांधकाम १६८० चे. दोन्ही क्रम खरे आहेत. पण वहीत लिहायला बसले की एकच क्रम लिहिता येतो.

पॉवरपॉइंटचेही मूळ वळण वहीसारखेच. पहिल्या स्लाइडनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. मध्येच कोणी श्रोता म्हणाला, "अहो, ते जंजिऱ्याचे आधी दाखवा की," तर सांगणारा ओशाळतो आणि पाच-सहा स्लाइडा भराभर पळवत सुटतो. लग्नात जेवणाची पंगत बसली असता मधल्याच पानावरचा माणूस जिलबी मागतो, तेव्हा वाढप्याचा चेहरा जसा होतो तसा त्याचा होतो. याला एक सोपा उपाय आहे आणि तो आमच्या महाविद्यालयात फार थोड्यांना ठाऊक असल्याचे मला आढळले. स्लाइडवर काढलेल्या कोणत्याही आकृतीला असा दुवा जोडता येतो, की तिच्यावर टिचकी मारताच सादरीकरण क्रम सोडून आपल्याला हव्या त्या स्लाइडवर जाते. सापशिडीच्या पटावरची शिडीच म्हणा ना. फरक इतकाच, की शिडी कुठून कुठे लावायची हे आपल्या हाती असते.

मला याची गरज पडली ती अशी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांत आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी हे दोन आहेत. त्या निमित्ताने आमच्या इतिहास विभागाने प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि सागरी किल्ल्यांचे टेबल माझ्याकडे आले. मी थळची. खांदेरी माझ्या घराच्या ओट्यावरून दिसते. कोळीवाड्यातली माणसे प्रदर्शनाला येणार होती, माझे बाबाही येणार होते. आणि या माणसांना पन्नास मिनिटांचे व्याख्यान खाली मान घालून ऐकण्याची सवय नाही, हे मला पक्के माहीत होते. ती विचारणार, आणि आपल्या मनाला येईल तिथून विचारणार. ज्यांनी सगळे आयुष्य या सात किल्ल्यांच्या मधल्या पाण्यात काढले, त्यांना "थांबा, तो किल्ला आठव्या स्लाइडवर आहे" असे सांगणे मला बरे वाटेना.

म्हणून मी आणि माझी वर्गमैत्रीण अशा दोघींनी नऊ स्लाइडांचा बेत आखला. पहिली नावाची, दुसरी नकाशाची, आणि तिसरीपासून नववीपर्यंत उत्तरेकडून दक्षिणेकडे सात किल्ले. नकाशा मी कागदावर हाताने काढला आणि त्याचा फोटो स्लाइडवर घातला. छापील नकाशा मिळाला असता, परंतु त्यावर उंदेरी शोधायला भिंग लागले असते.

आधी सगळ्या स्लाइडा तयार करायच्या आणि मगच दुवे जोडायचे, हा नियम येथे पाळावा. जी स्लाइड अजून जन्मालाच आली नाही तिच्याकडे वाट कशी काढणार? प्रत्येक स्लाइडला मथळाही हवा, आणि तो मथळ्याच्या ठरलेल्या चौकटीतच लिहिलेला हवा. दुवा जोडताना आपल्यासमोर स्लाइडांची यादी येते ती मथळ्यांवरून. मथळा नसेल तर तिथे नुसते "Slide 5" असे कोरडे नाव दिसते आणि ती पाचवी कोण हे आठवत बसावे लागते. आमच्या यादीत मात्र प्रथम भलताच प्रकार दिसला. मैत्रिणीने काही मथळे विभागाच्या जुन्या टिपणांतून उचलले होते, आणि ती टिपणे युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. स्लाइडवर ते मथळे स्वच्छ मराठीत दिसत. यादीत मात्र किल्ल्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. अशा फॉन्टमध्ये मुळात अक्षरे इंग्रजीच साठवलेली असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा असतो. यादीच्या खिडकीला तो मुखवटा चढत नाही. ते मथळे युनिकोडमध्ये पुन्हा टंकले तेव्हा खांदेरीची खांदेरी झाली.

आता प्रत्यक्ष कृती. नकाशाच्या स्लाइडवर Insert मधून Shapes उघडायचे, लंबगोल निवडायचा आणि खांदेरीच्या बेटावर तो पुरता बसेल असा काढायचा. मग त्याच्या कडेवर एकदा टिचकी मारून तो निवडायचा आणि Insert मध्येच Link घ्यायचे. हात कळफलकावरच असतील तर Ctrl+K दाबले तरी चालते. खिडकी उघडली की डाव्या बाजूला चार पर्याय दिसतात, त्यांतले Place in This Document निवडायचे. उजवीकडे मथळ्यांची यादी येते. "3. खांदेरी" वर टिचकी, आणि OK. झाला दुवा. तो खरोखर झाला की नाही हे मात्र लगेच कळत नाही, कारण काम करताना आकृतीवर टिचकी मारली तर ती नुसती निवडली जाते. Shift+F5 दाबून तीच स्लाइड सादरीकरणात उघडावी आणि उंदराचा बाण बेटावर न्यावा. बाणाचा हात झाला तर दुवा बसला आहे.

कडेवर टिचकी मारायची असे मी वर लिहिले ते सहज नव्हे. आकृतीत काही अक्षरे लिहिलेली असतील आणि आपण ती अक्षरे काळी करून दुवा जोडला, तर दुवा आकृतीला न लागता अक्षरांना लागतो. खूण सोपी आहे: अक्षरांखाली रेघ येते आणि त्यांचा रंग पालटतो. मग बटणाच्या कोऱ्या भागावर कितीही टिचक्या मारा, उडी बसत नाही. नेमके अक्षरावरच बोट पडावे लागते. दुवा काढून टाकावा, आकृती कडेने निवडावी आणि पुन्हा जोडावा.

नकाशावरच्या लंबगोलांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ते गोल दिसायला नकोत, नाहीतर नकाशावर देवीच्या फोडांसारखे दिसतात. अशा वेळी कोणाचेही मन रंगाच्या यादीतल्या No Fill कडे धावते. पण तसे केले की आकृतीला पोटच उरत नाही. बोट लागायला फक्त कडेची रेघ राहते. त्याऐवजी रंग भरलेलाच ठेवावा आणि त्याची Transparency शंभर टक्के करावी. कडेची रेघ तेवढी No Line ने काढावी. पाहणाऱ्याला गोल दिसत नाही, पण तो तिथे पुरा भरलेला असतो. पाण्याखालच्या खडकासारखा तो असतो आणि होडीला लागतो. गोल बेटापेक्षा मोठाच काढावा. खांदेरी आणि उंदेरी जवळजवळ असल्याने तिथे मात्र दोन गोल एकमेकांवर चढणार नाहीत एवढे पाहावे लागते, कारण जो वर असेल तोच टिचकी खातो.

येथपर्यंत नकाशावरून किल्ल्यावर जायची सोय झाली. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक किल्ल्याच्या स्लाइडवर तळाशी मी दोन बटणे ठेवायचे ठरवले. एकावर "दक्षिणेस", दुसऱ्यावर "पुढचे साल". पहिले बटण नाखव्याच्या क्रमाने नेणार, दुसरे सरांच्या. खांदेरीवरून दक्षिणेस गेले की उंदेरी, कुलाब्यावरून रेवदंडा, आणि जंजिऱ्यावर ते बटण नाहीच, कारण आमचा किनारा तिथे संपतो. सालांची वाट रेवदंड्याहून निघून कोर्लईला येते, तिथून जंजिऱ्याला, जंजिऱ्याहून पद्मदुर्गाला, आणि मग एकदम सगळा किनारा ओलांडून वर खांदेरीला. नकाशावर या दोन्ही वाटांच्या आरंभाची दोन बटणे. हिशेब केला तर नकाशावरचे सात गोल, दक्षिणेची सहा बटणे, सालाची सहा आणि आरंभाची दोन, असे एकवीस दुवे झाले.

एकवीस बटणे एकेक करून काढायचा कंटाळा कोणालाही यावा. मैत्रिणीने खांदेरीवरची जोडी नीट सजवली, तिचे दुवे जोडले, ती जोडी उचलली आणि उरलेल्या सहाही स्लाइडांवर चिकटवली. दिसायला सगळे झकास झाले. परंतु आकृतीची नक्कल करताना तिचा दुवाही तिच्याबरोबर येतो. खांदेरीवरचे "दक्षिणेस" उंदेरीकडे नेत होते, म्हणून आता सहाही ठिकाणचे "दक्षिणेस" उंदेरीकडेच नेऊ लागले. कुलाब्यावरून दक्षिणेस जावे तर आपण उत्तरेला उंदेरीवर येतो! आणि खुद्द उंदेरीवर ते बटण दाबले तर काहीच होत नाही. हे "काहीच न होणे" फसवे असते. आपण समजतो दुवा तुटला. तो तुटलेला नसतो. तो आपल्याला उंदेरीवरून उंदेरीवरच नेत असतो. बाणाचा हात होतो आहे आणि तरी जागचे हलत नाही, तर दुवा स्वतःकडेच वळलेला आहे असे खुशाल समजावे. मग आकृती निवडून पुन्हा Ctrl+K दाबायचे; आधीचे ठिकाण यादीत आपोआप निवडलेले दिसते, ते बदलायचे. आम्ही शेवटी एका पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखले, कोणत्या स्लाइडवरचे कोणते बटण कुठे नेते ते लिहिले, आणि एकीने दाबायचे, दुसरीने खूण करायची असे एकवीसही दुवे तपासले. सात किल्ल्यांना हे अर्ध्या तासाचे काम आहे. याहून जलद रीत मला सापडली नाही.

आकृत्यांच्या यादीत सर्वांत शेवटी Action Buttons नावाची तयार बटणे असतात, त्यांत पुढचा-मागचा बाण असतो. तो का घेतला नाही, असे आम्हांला एकाने विचारले. त्या बाणाचा अर्थ "यादीत जी पुढची असेल ती" एवढाच आहे. त्याला उंदेरी ठाऊक नाही. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सरांनी सांगितले, की पाहुणे अलिबागचे, तेव्हा कुलाब्याची स्लाइड सर्वांत आधी घ्या. आम्ही ती ओढून तिसऱ्या जागी आणली. आमचा एकही दुवा चळला नाही, कारण यादीतून निवडून जोडलेला दुवा स्लाइडच्या क्रमांकाला धरून नसतो, त्या स्लाइडलाच धरून असतो. ती कुठेही नेऊन बसवली तरी तो तिच्या मागे जातो. बाण असते तर खांदेरीच्या आधी कुलाबा आला असता आणि सगळा किनारा उलटापालटा झाला असता. मात्र स्लाइड पुसूनच टाकली तर तिच्याकडे येणारा दुवा निराधार होतो, आणि पॉवरपॉइंट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

परतीचा मार्ग उरला. कोणत्याही किल्ल्यावरून नकाशावर येण्यासाठी "नकाशा" हे बटण हवे, आणि ते सातही ठिकाणी सारखेच असल्याने सात वेळा काढण्यात अर्थ नव्हता. View मधून Slide Master उघडायचा, किल्ल्यांच्या स्लाइडा ज्या मांडणीवर बेतलेल्या आहेत ती डावीकडून निवडायची, आणि तिच्यावर एकदाच बटण काढून त्याला नकाशाचा दुवा जोडायचा. त्या मांडणीच्या सर्व स्लाइडांवर ते आपोआप उमटते. बाविसावा आणि शेवटचा दुवा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी: मास्टरवरचे सारे स्लाइडवरच्या मजकुराच्या खाली असते. कोर्लईचा फोटो आम्ही कोपऱ्यापर्यंत ताणला होता, त्याने ते बटण झाकले गेले आणि कोर्लईवर गेलेला माणूस तिथेच अडकला. फोटो आखूड केला.

सर्वांत चकवणारा दोष मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. सादरीकरणात स्लाइडच्या मोकळ्या जागेवर टिचकी मारली तरी पुढची स्लाइड येते, हा पॉवरपॉइंटचा स्वभाव. नकाशावर मोकळी जागा म्हणजे समुद्र, आणि समुद्र तर सगळीकडे. आता पाहा: आधीच्या क्रमात नकाशानंतरची स्लाइड खांदेरीचीच होती. खांदेरीवर टिचकी मारली आणि ती बेटाऐवजी पाण्यात पडली, तरी खांदेरीच उघडायची! चाचणी घेणारी खूश. तीच चूक जंजिऱ्यापाशी झाली की उघडते पुन्हा खांदेरी, आणि दोष जंजिऱ्याच्या दुव्याचा समजून माणूस तिथे शोधत बसतो. याची दवा Transitions मध्ये आहे. डावीकडच्या लहान स्लाइडांपैकी एकीवर टिचकी मारून Ctrl+A ने सगळ्या निवडाव्यात आणि On Mouse Click पुढची खूण काढून टाकावी. दुवे चालूच राहतात. मोकळी जागा तेवढी निर्जीव होते. कळफलकावरचे बाण आणि लांब पट्टी यांनी मात्र तरीही पुढे जाता येते. टेबल लोकांच्या स्वाधीन करायचे असेल तर त्याहून कडक उपाय म्हणजे Slide Show मधील Set Up Slide Show उघडून Browsed at a kiosk निवडणे. मग दुव्यांखेरीज हलायला वाटच नसते, आणि पाच मिनिटे कोणी हात लावला नाही तर सादरीकरण आपण होऊन पहिल्या स्लाइडवर परतते. अर्थात पहिल्या स्लाइडवरूनही मग पुढे जायला बटण लागते. आम्ही नावाच्या स्लाइडवर "आत या" असे तेविसावे बटण जोडले, म्हणजे वरचा माझा "शेवटचा" शब्द वाचकांनी क्षमा करून वाचावा.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा दुपारी आले, बरोबर वाड्यातले दोघे-तिघे काका. बाबांनी उंदराला हात लावायला आधी नकार दिला. मग नकाशाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "उंदेरी जरा आत घे. एवढी बाहेर नाही ती." ते बरोबर होते. मी म्हटले, आता नको, रात्री घेईन. मग त्यांनी स्वतःच उंदीर धरला आणि बाण हळूहळू, वल्ह्याने होडी वळवावी तसा, खाली मुरूडपर्यंत नेला. जंजिरा. माहिती वाचून झाल्यावर त्यांचे बोट "पुढचे साल" वर आले. पद्मदुर्ग. "हा महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधला," ते काकांना म्हणाले. पद्मदुर्गाच्या कामाला वेळेवर रसद पोचत नाही म्हणून महाराजांनी आपल्या सुभेदाराला खरमरीत पत्र लिहिले ते जानेवारी १६७५ मध्ये, एवढे मी त्यात घातले. पुन्हा "पुढचे साल". पडद्यावर खांदेरी आली.

"मुरूडवरून एकदम थळला?" बाबांनी विचारले. "मधला किनारा कुठे गेला?"

हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तर मी ती वाट आखली होती. नाखव्याच्या क्रमात पद्मदुर्ग आणि खांदेरी ही दोन टोके आहेत. सालांच्या क्रमात ती सख्खी शेजारी. जंजिरा हाती येत नाही म्हटल्यावर महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीच्या ओसाड बेटावर मायनाक भंडारी यांना माणसे देऊन तट उभारायला पाठवले, थेट मुंबईच्या तोंडाशी. इंग्रजांनी गलबते आणून बेट वेढले, तरी काम थांबले नाही. मग सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, आणि जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली ती स्वतःसाठी. म्हणून खांदेरीवर "पुढचे साल" दाबले तरी उंदेरी, आणि "दक्षिणेस" दाबले तरी उंदेरीच. सबंध सादरीकरणात दोन्ही बटणे एकाच ठिकाणी नेतात अशा जागा तीनच: रेवदंड्याहून कोर्लई, खांदेरीहून उंदेरी आणि उंदेरीहून कुलाबा.

बाबांनी दोन्ही बटणे दाबून खात्री करून घेतली. मग "नकाशा" दाबला, आणि काकांना उंदीर देत म्हणाले, "तू आता कुलाब्याला जा. ओहोटी आहे, चालत जाशील."